छाटणी लागायच्या आत

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

एकाच घरात राहून आई चिठ्ठी लिहिते, याचं तुला नवल वाटेल. पण नऊ माणसांच्या या घरात दोघांनी निवांत बोलायला जागाच नाही. फोनवर बोलावं तर तू ट्रॅक्टरवर असतोस, शेजारी तात्या असतात. म्हणून ही चिठ्ठी तुझ्या शर्टाच्या खिशात घालते आहे. बागेत गेलास की वाच.

सूनबाई आखाड करून माहेराहून आली, त्याला आता तीन आठवडे झाले. साताऱ्याहून येताना कंदी पेढे घेऊन आली, आजीच्या पाया पडली, दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला चुलीपुढं हजर. कामात काही कमी नाही. तिची कुणाकडं तक्रारही नाही. पण परवा तिनं मला विचारलं, "आई, हे उद्या सांगलीला जाणार आहेत का?" मी सांगितलं, हो, औषधं आणायला. आणि मग मलाच कसंतरी झालं. नवरा उद्या कुठं जाणार हे तिला सासूकडून कळायला लागलं. त्याच्या आधी तिला दोन दिवस कणकण होती, ते तुला कुणी सांगितलं? मी. तुम्हा दोघांचा निरोप्या मी झाले आहे, बाळा. नवरा-बायकोत कुठं बिघडायला लागलंय हे भांडणावरून कळत नाही, यावरून कळतं.

मग मी आठ दिवस नीट लक्ष ठेवलं. पुरुषांची पंगत साडेआठला उठते. आम्ही बायका जेवून, भांडी-ओटा आवरून मोकळ्या होईतो सव्वादहा वाजतात. तोवर तू सोप्यात आप्पांशी आणि तात्यांशी खतं-फवारण्यांचं बोलत बसतोस, आणि ती खोलीत गेली तरी उठत नाहीस. अकराला आत जातोस तेव्हा तिचा डोळा लागलेला असतो. यात तुझ्या मनात वाईट काही नाही, मला ठाऊक आहे. लहानपणापासून तू तसाच बसत आला आहेस. पण त्या आठ दिवसांत तुम्ही दोघं जागे असताना, दार लावून, अर्धा तास तरी बोललात असं मला एकदाही दिसलं नाही.

आता दाराचं सांगते. तुमची ती मधली खोली खरं तर घराची अडगळ होती, आम्ही तिथं पलंग टाकला आणि खोली दिली म्हटलं. आजीचं लोखंडी कपाट तिथं, त्यात तिच्या गोळ्या आणि जमिनीची कागदं. वाकळांची थप्पी तिथं. इस्त्री तिथं, आणि घरातला एकुलता मोठा आरसाही तिथंच. मग सकाळी सहापासून कुणी ना कुणी आत येणारच. कुणी मुद्दाम येत नाही, प्रत्येकाची वस्तू आत आहे म्हणून येतो. त्यात दार पावसानं फुगलंय, कडी बसत नाही. ती पोर कपडे बदलायला न्हाणीघरात जाते, हे तुझ्या लक्षात आलंय का? माणसांना "येऊ नका" म्हणून सांगितलं तर मनं दुखावतात. वस्तू हलवल्या की पाय आपोआप थांबतात. कपाट आजीच्या खोलीत न्यायचं, तिला मी विचारलं आहे, तिला ते बरंच वाटलं. वाकळा माळ्यावर. आरसा आणि इस्त्री सोप्यातल्या कोनाड्याजवळ. दाराला सुताराकडून रंधा मारून घ्यायचा.

दुसरं, आठवड्यातली एक संध्याकाळ तुमची दोघांची. मी बुधवार धरला आहे. रविवार नको, रविवारी पाहुणे असतात, आत्या येतात, मटण असतं, आणि घरात काम दुप्पट असताना नवी सून बाहेर गेली तर ते सगळ्यांच्या डोळ्यांवर येतं. बुधवारी पाचला निघायचं, आठला परत. त्या दिवशी संध्याकाळच्या भाकरी माझ्याकडं. भाजी ती दुपारीच चिरून ठेवील.

हे आप्पांना तूच सांगायचंस. तिनं नाही, मीही नाही. मी सांगितलं तर ते म्हणतील सुनेनं सासूला पुढं केलं. तिनं सांगितलं तर तीन महिन्यांची सून घर फोडायला निघाली असं कुणीतरी म्हणेल. बागेत दोघंच असाल तेव्हा बोल, तात्यांसमोर नको, कारण धाकट्या भावापुढं आप्पा पटकन हो म्हणणार नाहीत. आणि "तिला फिरायला जायचंय" असं चुकूनही म्हणू नकोस. "आप्पा, बुधवारी संध्याकाळी आम्ही दोघं बाहेर जात जाऊ, आठपर्यंत येतो," एवढंच. विचारू नकोस, सांग. पण आदरानं सांग. एकदाच सांगितलं की दर आठवड्याला परवानगी मागायला नको. दर वेळी मागावी लागली, तर चौथ्या वेळी तूच कंटाळशील.

काकूशी मी बोलते, आणि तू आप्पांशी बोलायच्या आधी बोलते. तिला तिच्या दिवसांत असं काही मिळालं नाही. नव्या सुनेला मिळालं की तिच्या पोटात कालवेल, आणि त्यात तिचं चूक नाही. तिचीही एक संध्याकाळ ठरवायची, शुक्रवारची. तेव्हा सूनबाई आणि मी चूल बघू. तात्या कुठं जातील असं वाटत नाही, पण काकू बहिणीकडं तरी जाऊन येईल.

खोटं कारण मात्र सांगू नकोस. हे मी भोगलं आहे. १९९३ साली आमचं लग्न झालं. दिवाळीनंतर तुझ्या आप्पांनी मला सांगलीला सिनेमाला नेलं, आणि घरी सांगितलं, दात दुखतोय, डॉक्टरला दाखवून येतो. गावातल्या एकानं थिएटरबाहेर पाहिलं. रात्री आजीनं विचारलं, "डॉक्टर काय म्हणाला?" मी खाली मान घालून सांगितलं, गोळ्या दिल्या. तिला आधीच कळलेलं होतं. ती ओरडली नाही. पण पुढं वर्षभर आम्ही कुठंही निघालो की तुझी आत्या बरोबर असायची. सिनेमा पाहिल्याचं आजीला तेवढं लागलं नाही. मी तिच्या तोंडावर खोटं बोलले, ते लागलं.

मग आम्हाला वेळ मिळाला तो मोटारीच्या निमित्तानं. शेतीची लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रपाळीला हे मोटार चालू करायला जायचे, आणि एकदा म्हणाले, बॅटरी धरायला तू चल. विहिरीवर स्टार्टर दाबला की पाणी पाटाच्या टोकाला पोचेपर्यंत अर्धा-पाऊण तास थांबावं लागायचं. त्या बांधावर बसून मी यांना माझ्या मनातलं पहिल्यांदा सांगितलं. माझे वडील कर्जात होते, ते सांगितलं. यांनी द्राक्षबाग लावायचा विचार मला तिथंच सांगितला, आप्पा-तात्यांचे वडील म्हणजे तुझे आजोबा, त्यांनाही नंतर कळलं. आजही या घरात मला माझा मान वाटतो तो त्या एका गोष्टीमुळं.

आणि तू? फवारणीचा नवा ब्लोअर घ्यायचा हे तू परवा पंगतीत सांगितलंस. ती वाढत होती. सगळ्यांबरोबर तिनंही तेव्हाच ऐकलं. तिच्या हातातली भाकरी क्षणभर तशीच राहिली, ते मी पाहिलं. पैसा घराचा आहे, निर्णय आप्पांचा आहे, ते सगळं बरोबर. पण तुझ्या मनात काय चाललंय ते तिला आधी कळू दे, मग घराला. याला वेगळा वेळही लागत नाही. साडेनऊला सोप्यातून उठ. ती आवरत असेल तर पाण्याची कळशी भरून दे, अंथरूण घाल, ती आली की जागा असू दे. फोन बाजूला ठेव. औषधाच्या दुकानदाराचे फोन सकाळीही घेता येतात.

बुधवारी काय बिनसेल तेही सांगते. पहिल्याच वेळी कुणीतरी म्हणेल, "पोराला पण न्या की गाडीवर." नको. तात्यांच्या पोराला दुसऱ्या दिवशी ने, आणि खरंच ने. मग यादी येईल. येताना आजीच्या गोळ्या, काकूचा ब्लाऊज शिवायला टाकलाय तो, ठिबकची नळी. एखादी वस्तू ठीक आहे, पण तीन कामं झाली की तो तुमचा वेळ राहत नाही, बाजार होतो. ती कामं मंगळवारी उरक. फार लांब जायचीही गरज नाही. तासगावच्या गणपतीला जाऊन गोपुराखाली बसलात तरी पुरे. कधी हरिपूरला संगमावर जा, तिथं वारणा कृष्णेला मिळते ते तिनं अजून पाहिलेलं नाही. खर्चाला तुझ्याकडच्या पैशांतले थोडे वेगळे ठेव आणि ते तिच्याकडं दे. भेळ खायलाही तिला तुझ्याकडं हात पसरावा लागू नये.

हे सगळं आत्ताच, श्रावणात, का म्हणते? बागेत सध्या काम हलकं आहे. दसऱ्याच्या आगेमागे ऑक्टोबर छाटणी लागली की पेस्ट, मग फेलफूट काढणं, मग डिपिंग, थिनिंग. पाऊस लागला तर डाऊनीच्या भीतीनं रात्री-अपरात्री ब्लोअर. तेव्हा नवी सवय कुणी लावून घेत नाही. आत्ता सात-आठ बुधवार अंगवळणी पडले, तर छाटणीतही घर म्हणेल, आज बुधवार आहे. डिपिंगच्या दिवसांत जमणार नाही, ते तिलाही कळेल, ती शेतकऱ्याची नात आहे. पण मंगळवारी रात्रीच तिला सांग, "उद्या नाही जमत, शनिवारी जाऊ." ती साडी नेसून बसली आणि तू बागेतून आलाच नाहीस, असं होऊ देऊ नकोस. पहिल्या महिन्यात माझ्या वाट्याला ते तीनदा आलं, अजून आठवतं.

तिनंही काही शिकायचं आहे. आजी मोठ्यानं बोलते ते रागानं नाही, तिला ऐकू कमी येतं. मीठ-तिखटावरून काकू टोकते, ते मनावर घ्यायचं नाही. ते मी तिला हळूहळू सांगेन, तू मध्ये पडू नकोस. पण घरात कुणी तिच्या माहेरावरून बोललं, तर तिथल्या तिथं बोल. मी बोलले असेन तर मलाही.

सुतार शुक्रवारी सकाळी येतोय. त्या दिवशी नऊपर्यंत घरी थांब, कपाट तात्यांना एकट्यानं उचलणार नाही. आतली कागदं आदल्या रात्री सूनबाईला बरोबर घेऊन काढून ठेव, आणि कुठलं कागद कुठल्या गटाचं ते तिला वाचून दाखव.

तुझी
आई