सिस्टर, ती सही तुम्ही घेतलीत म्हणून

आदरणीय सिस्टर,

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "राहू दे हो" म्हणता आणि आईंच्या पायाची सूज उतरली का ते विचारता. म्हणून हे सगळ्यांदेखत लिहितेय. तुमचं नाव घालत नाही, तुम्हाला ते चालणार नाही. विश्रामबागेतली आमची गल्ली तशीही तुम्हाला ओळखेलच.

माझ्या सासूबाईंना अर्धांगाचा झटका आला आणि मिरजेच्या एका मोठ्या दवाखान्यातून आम्ही त्यांना घरी आणलं. निघताना डॉक्टर म्हणाले, "दर दोन तासांनी कूस बदला, नाहीतर पाठीला जखमा होतील." एवढं बोलून ते पुढच्या कॉटकडे वळले. दर दोन तासांनी म्हणजे दिवसरात्र धरून बारा वेळा. ते कोण करणार आणि करणारं माणूस झोपणार कधी, हे एवढ्या जाड फायलीत कुठंच नव्हतं. घरात मुलगा दहावीचा, मुलगी पाचवीत, ह्यांची कुपवाडला एमआयडीसीत पहिली पाळी. रात्री अकरा, एक, तीन, पाच असा माझा गजर लागायचा आणि पाचला उठले की पुन्हा पडण्यात अर्थ नसायचा, कारण डबे.

भेटायला येणाऱ्यांना काय, चहा प्यायचा आणि "काही लागलं तर सांगा" म्हणायचं. सांगितलं की त्यांच्याकडे नेमकं लग्न निघायचं. नणंदबाई पुण्याहून फोनवर विचारायच्या, "वहिनी, आई जागी असताना तुम्हाला झोप लागते तरी कशी?" लागायची नाहीच. हे कधीतरी "जा, पड जरा" म्हणाले तरी शेजारच्या खोलीत मी कान उघडे ठेवूनच पडायची. आई खोकल्या की मी उभी.

तुम्ही आलात ते आईंच्या माकडहाडावरची लाली बघायला. बघितलीत, आणि मग माझ्याकडे वळून विचारलंत, "तुमची ड्यूटी कधी संपते?"

मला प्रश्नच कळला नाही. तेव्हा तुम्ही मुलीच्या दप्तरातली एक अर्धी वापरलेली वही मागून घेतलीत आणि ह्यांना बोलावलंत. मला बोलायला लावलंत: आई आत्ता कुठल्या कुशीवर आहेत, शेवटचं काय खाल्लं, खाल्ल्यावर अर्धा तास टेकून बसवलं का, गोळ्या कुठल्या झाल्या आणि कुठल्या राहिल्या, लघवी झाली का, आज नेहमीपेक्षा वेगळं काय दिसलं. ते ह्यांच्याकडून परत म्हणवून घेतलंत. मग वही पुढं केलीत. "वेळ घाला आणि सही करा." ह्यांना हसू आलं, पण तुम्ही हसला नाहीत. सही झाल्यावर माझा मोबाइल माझ्या हातातून घेऊन ह्यांच्या खिशात घातलात आणि म्हणालात, "वॉर्ड ह्यांच्या ताब्यात. तुम्ही सुटलात."

सिस्टर, पुष्कळ जणांनी मला आराम करायला सांगितलं होतं. माझ्याकडून काम काढून दुसऱ्याच्या नावावर लिहिणाऱ्या तुम्ही पहिल्या. तुम्ही सहज म्हणालात, पाळी संपल्यावर नर्स घरी जाते तेव्हा तिला अपराधी वाटत नाही, कारण तिच्या पेशंटला आता कोण बघतंय ते तिला नावानिशी माहीत असतं. मी इतके दिवस माया कमी पडतेय का म्हणून स्वतःला टोचत होते, आणि कमी होती ती ही सही. त्या दुपारी मी झोपले ते मुलांचे क्लास सुटेपर्यंत.

मुलगी लगेच "मी पण सही करते" म्हणत पुढं आली, तेव्हा तुम्ही वही मिटलीत. आजीला पेपर वाचून दाखव, पाणी लागलं तर हाक मार, पण ताबा घ्यायचा नाही. त्याच वहीत तुम्ही मला कधी उठवायचं तेही लिहिलंत: ताप आला, घास किंवा पाणी अडकून खोकला थांबेना किंवा श्वास लागला, चेहरा नव्यानं वाकडा दिसला किंवा हाकेला ओ येईना. बाकी काहीही असो, उठवायचं नाही. चादर भिजली तर ती बदलायची, बायकोला विचारायचं नाही. (हे वाक्य तुम्ही ह्यांच्याकडे बघत दोनदा म्हणालात.)

तरी दोन तासांचा गजर होताच. तो तुम्ही घाईनं मोडला नाहीत, हे मला फार आवडलं. आधी हवेची गादी भाड्यानं आणायला लावलीत. आईंना पूर्ण कुशीवर न ठेवता पाठीमागं उशी देऊन जरासं कलतं ठेवायला शिकवलंत, म्हणजे कमरेच्या हाडावर सगळा भार येत नाही. आणि दर वेळी कातडी बघायची: लाल जागेवर बोट दाबून सोडायचं, पांढरी पडून पुन्हा रंग आला तर ठीक, लाली तशीच राहिली तर अंतर जास्त झालं. आईंचा रंग सावळा, लाली चटकन दिसत नाही, म्हणून हाताच्या पाठीनं ती जागा गरम किंवा कडक लागते का तेही बघायचं. असं करत रात्रीचं अंतर तीन तासांवर नेलंत, मग चारवर. चारवर टाचेला लाली धरली. मला वाटलं, संपलं, परत दोनवर. तुम्ही पांघरूण काढून बघितलंत तर टाच गादीवर टेकलेली. पोटरीखाली उशी सरकवून टाचा अधांतरी केल्या, थोडे दिवस तीनवर थांबलो, मग पुन्हा चार. हे आमच्या आईंच्या कातडीला सोसलं म्हणून, कुणी वाचून उद्यापासून सुरू करू नका, हेही लिहायला तुम्हीच सांगितलंत.

आता कूस बदलायची रात्री दहा, दोन आणि सहाला. साडेनऊला ह्यांची सही होते, दहाची कूस बदलून हे आईंच्याच खोलीत पडतात आणि मी मुलांच्या खोलीत सलग दोनपर्यंत झोपते. दोनला माझी सही. मग हे पहाटेपर्यंत झोपतात. झोप अजूनही थोडीच आहे, पण तुकड्यातुकड्यांची नाही, आणि डबा भरताना मुलांच्या अंगावर ओरडणं पुष्कळ कमी झालंय. दुपारी दोन तास मावशी येतात, त्यांनाही मी तसाच ताबा देते. पूर्वी त्या वेळात मी कपड्यांच्या घड्या घालत बसायची. तुम्ही दम दिल्यापासून चप्पल घालून सरळ घराबाहेर पडते. कधी गणपती मंदिरात, तिथून कधी कृष्णेच्या घाटावर. नणंदबाई मागच्या महिन्यात राहायला आल्या तेव्हा त्यांच्यापुढंही वही ठेवली. त्यांनी सही केली, सगळी रात्र काढली, आणि तो प्रश्न परत विचारलेला नाही.

एवढं सगळं करून तुम्ही पैसे घेतले नाहीत, फक्त भडंगाचं पाकीट नेलंत, तेही मुलीनं पिशवीत कोंबलं म्हणून. निवृत्त माणसानं दुपारची झोप सोडून कुणाच्या घरची वही लावून द्यावी, असं कुठल्या नियमात आहे?

एक काम आहे, तेवढ्यासाठी मात्र याच. पुढच्या आठवड्यापासून ह्यांची रात्रपाळी आहे आणि रात्री दहा ते दोन थांबायला मावशी तयार झाल्यात. त्यांना लिहिता येत नाही. मी सांगायचं, त्यांनी परत म्हणायचं आणि सहीच्या जागी अंगठा, असं माझ्या मनात आहे. पण कातडीवर बोट दाबून बघायचं त्यांना तुमच्याच हातानं शिकवा. गुरुवारी संध्याकाळी जमेल का?

तुमची,
विश्रामबागेतल्या आजींची सून