मधे भोक असलेल्या उशीबद्दल

सातारा,
१२ जून

प्रिय अविनाश,
सप्रेम नमस्कार.

परवा तुझा फोन आला तेव्हा मी पतसंस्थेत काउंटरवर होतो, समोर रांग होती. मूळव्याधीसारख्या दुखण्याबद्दल चार माणसांत बोलता येत नाही. वहिनींनी मागवलेली ती मधे भोक असलेली उशी वापरू की नको, एवढंच तू विचारलंस आणि मी ‘पत्र लिहितो’ म्हणून फोन ठेवला. ती उशी मी स्वतः वापरली आहे आणि तिचा त्रासही भोगला आहे, म्हणून सगळं नीट सांगतो.

गेल्या मार्चमध्ये वर्षअखेरीचं काम होतं. आठवडाभर सकाळी दहा ते रात्री नऊ खुर्चीत, पाणी कमी, पोट साफ नाही. एका सकाळी संडासला फार जोर करावा लागला आणि बाहेर द्राक्षाएवढी गाठ आली. निळसर, टणक, बोट लावलं तरी जीव जाईल अशी. कामावर जाणं तर भाग होतं. मेडिकलमधून हवेची रबरी रिंग आणली, गच्च फुगवली आणि खुर्चीवर ठेवली. पहिला अर्धा तास खरंच बरं वाटलं, कारण गाठ कशालाच टेकत नव्हती. दुपारी मात्र तिथे ठणका सुरू झाला. संध्याकाळपर्यंत आतून काहीतरी खाली ओढल्यासारखं जड वाटू लागलं आणि घरी येऊन पाहिलं तर सूज वाढलेली. मला वाटलं हवा कमी पडली. दुसऱ्या दिवशी रिंग आणखी फुगवली. ठणका अजून लवकर सुरू झाला.

तिसऱ्या दिवशी सर्जनकडे गेलो. त्यांनी रिंगेबद्दल विचारलं आणि आधी मला साध्या लाकडी स्टुलावर बसवलं. म्हणाले, बुडाखाली हात घालून बघा, कुठे टोचतंय. बैठकीची दोन हाडं हाताला लागली. सपाट, घट्ट जागेवर बसलं की शरीराचं वजन या दोन हाडांवर जातं. गुदद्वार त्यांच्या मधे, जरा वर राहतं, त्यामुळे त्याच्यावर थेट भार येत नाही. दोन्ही कुल्ले एकमेकांना धरून असतात, तोही एक आधारच.

रिंगेवर हे बिघडतं. ती दोन हाडं भोकाच्या कडेवर येतात किंवा आत घसरतात, कुल्ले दोन बाजूंना ताणले जातात आणि मधला मऊ भाग आधाराशिवाय लोंबकळतो. भोवतीनं गोल दाब आणि मधे मोकळं. बोटाला रबरबँड घट्ट बांधलं की टोक निळं पडतं ना, तसंच थोडंसं इथे होतं. रक्त आत येत राहतं, परत नेणाऱ्या नाजूक शिरा मात्र दबतात आणि रक्त तिथे साचतं. मूळव्याध म्हणजे मुळात त्या भागातल्या रक्तवाहिन्यांच्या गाद्या फुगणं. तिथेच आणखी रक्त साचवलं तर काय होणार? अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांच्या पाठीच्या जखमांसाठी पूर्वी अशा रिंगा सर्रास द्यायचे. आता त्या देऊ नयेत असं सांगतात, त्यामागेही हेच कारण आहे.

ते बोलत असताना माझ्या डोक्यात एकदम आलं, कमोडची सीटही अशीच रिंग आहे. मधे भोक, खाली आधार नाही. तिथे मोबाईल घेऊन वीस मिनिटं बसू नका असं म्हणतात ते याचसाठी. दिवसभर त्या रिंगेवर बसणं म्हणजे दिवसभर संडासात बसल्यासारखंच झालं की. तेव्हापासून मी पाच मिनिटांत उठतो, पोट साफ होवो न होवो.

तरी त्या उशीला मी पूर्णपणे वाईट म्हणणार नाही. डॉक्टरांतही यावर दोन मतं आहेत. बाहेरची गाठ ताजी असेल, तिला काही टेकलं की डोळ्यांत पाणी येत असेल, तर पहिले दोन-तीन दिवस जेवायला बसण्यापुरती, पंधरा-वीस मिनिटं, ती उपयोगी पडते. गाठीला लागणारा धक्का ती टाळते, एवढंच तिचं काम. गाठ ती बरी करत नाही. वापरायचीच तर हवा अर्धीच भर, म्हणजे बसल्यावर ती चपटी होऊन मांड्यांनाही टेकेल. आणि स्वतःच पारख. वीस मिनिटांनी उठ. उठल्यावर ठणका किंवा जडपणा आधीपेक्षा जास्त वाटला तर ती तुझ्यासाठी नाही.

आता मऊ सोफा. रिंग टाकली तेव्हा मी सोफ्यावर बसू लागलो आणि तेही चुकलं. फार मऊ जागेत हाडं खाली रुततात, गादी भोवतीनं वर येते आणि नेमकी नको तिथे टेकते. शिवाय गुडघे वर, कंबर खाली, उठताना पोटावर जोर. मला शेवटी आराम पडला तो आजीच्या जुन्या कापसाच्या बैठकीनं. वापरून वापरून घट्ट झालेली, दीड-दोन इंच जाड. तशी नसेल तर घट्ट फोमचा सपाट तुकडा घे. मुठीनं दाबल्यावर मूठ खालच्या लाकडाला टेकली तर तो फार मऊ आहे.

तुझं तर गाडीवरचं काम. पुणे-कोल्हापूर गाडी चालवताना ती रिंग सीटवर अजिबात ठेवू नकोस. ती घसरते, बसायची उंची बदलते आणि ब्रेकवरचा पायाचा अंदाज चुकतो. सीट खोलगट असेल तर सपाट फोमनं खड्डा भरून काढ. दर तासाला गाडी बाजूला घेऊन पाच मिनिटं चाल. कुठल्याही उशीपेक्षा मला या उठण्यानं जास्त फरक पडला. घरी दुखायला लागलं की बसूच नको, कुशीवर आडवा हो.

माझी गाठ डॉक्टरांनी कापली नाही. शिरेत रक्त गोठून झालेल्या अशा गाठीत पहिले दोन-तीन दिवस वेदना सर्वांत जास्त असतात. त्याच काळात आलात तर छोटा छेद घेऊन ती काढता येते, म्हणाले. माझी वेदना उतरायला लागली होती, म्हणून टबमध्ये कोमट पाणी घेऊन दिवसातून तीन वेळा दहा-पंधरा मिनिटं बसायला सांगितलं, रात्री इसबगोल आणि भरपूर पाणी. आठवड्यात बसता येऊ लागलं, गाठ पूर्ण विरायला तीनेक आठवडे गेले.

एक गोष्ट मात्र तू फोनवर सांगितली नाहीस. तुला गाठ हाताला लागते का? आतला मूळव्याध बहुधा दुखत नाही, त्यातून फक्त रक्त जातं. शौचाला काच कापल्यासारखं होऊन नंतर तास-दोन तास आग होत असेल आणि गाठ नसेल, तर तो फिशर, म्हणजे गुदद्वाराला पडलेली चीर, असू शकतो आणि त्याची औषधं वेगळी. ताप आला, पू आला किंवा सूज लाल-गरम होऊन वाढत गेली तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. आणि रक्त जात असेल तर ‘मूळव्याधच आहे’ असं स्वतः ठरवू नकोस, एकदा तपासून घे. आपण दोघंही आता पन्नाशीला आलो.

रविवारी सुट्टी असेल तर इकडे ये. आजीची ती बैठक घेऊन जा, मला आता लागत नाही. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
सुहास