काळाकुंडच्या त्या तिघांचे आभार

इंदूरला रामबागेत आत्याकडे उतरले होते. वहीत चौदा ठिकाणं: राजवाडा, लालबाग, काचमंदिर, मांडू, महेश्वर... पहिल्या तीन ठिकाणांतच दमले. शेवटी आत्याच म्हणाली, "वही ठेव गं बाई, महूहून मीटरगेजच्या गाडीत बस."

पातालपाणीचा धबधबा मागे टाकून गाडी बोगद्यांतून घाट उतरली आणि काळाकुंडला थांबली. इतर प्रवासी फोटो काढून परतीच्या गाडीत बसले. मी मात्र स्टेशनजवळच्या एका चुलीपाशी रेंगाळले.

तिथल्या मावशींनी मला पाटावर बसवून घेतलं. पसरट कढईत दूध निम्मं आटलं, तेव्हा त्यांनी तुरटीची चिमूट टाकली. दुधात बारीक दाणे धरू लागले. "तुरटी जास्त झाली की दाणा रबरासारखा होतो, आणि साखर आधी घातली तर खाली लागतं," त्या सांगत होत्या. साखर अगदी शेवटी पडली. पळसाच्या पानाच्या द्रोणातला तो गरम कलाकंद! पैसे घ्यायला त्या तयारच नव्हत्या.

गाडी अर्थातच सुटली. एका शाळकरी मुलाने मला चोरल नदीवर नेलं. तासभर फक्त पाणी ऐकत बसले. मग दूध घालायला निघालेल्या एका दादांनी मोटारसायकलवर खंडवा रस्त्यापर्यंत सोडलं आणि बस येईपर्यंत ते थांबले.

तिघांचीही नावं विचारायची राहिली. मावशी, दादा, बाळा, तुमचे मनापासून आभार. पानाचा तो द्रोण अजून माझ्या वहीत आहे, अकराव्या ठिकाणाच्या पानावर.