ना उंटीण, ना उंट : माझ्या अरबीच्या सरांना जाहीर आभारपत्र

आदरणीय सर,
सलाम.

फोनवर आभार मानायला लागले की तुम्ही लगेच पावसापाण्याची चौकशी सुरू करता, म्हणून हे चार लोकांसमोर लिहिते आहे. इथे तरी तुम्हाला विषय बदलता येणार नाही.

अरबी कथांच्या माझ्या मराठी अनुवादात एक वाक्य महिनोन्‌महिने अडून बसलं होतं. ‘ला नाकत ली फीहा व ला जमल.’ शब्दशः पाहिलं तर ‘यात माझी ना उंटीण आहे, ना उंट.’ अर्थ अगदी सरळ : या प्रकरणाशी माझा काही संबंध नाही. आजही अरबी वर्तमानपत्रांत ही म्हण सारखी भेटते. कुठल्या युद्धात आपल्या देशानं पडू नये असं लिहायचं असलं, की उंटीण आणि उंट हजर होतात. मला प्रश्न एवढाच होता, की इथे मराठी म्हण घालावी, की उंट ठेवून दोन ओळींत खुलासा द्यावा.

हा प्रश्न घेऊन मी आधी कुणाकुणाकडे गेले ते सांगायलाच हवं, त्याशिवाय तुमच्या मदतीचं मोल कळणार नाही. एका प्रकाशनाच्या संपादकांनी संहितेतल्या सगळ्या अरबी म्हणी काढून त्या जागी मराठी म्हणी घातल्या आणि ‘वाचकाला वाळवंट नको असतं’ असा शेरा मारला. एका विद्वानांनी नेमकं उलट सांगितलं : प्रत्येक म्हण जशीच्या तशी ठेवा, खाली तळटीप द्या. दोघांनीही कथा वाचलेली नव्हती, वाचायला मागितलीही नाही. आणखी एका अभ्यासकांना तीनदा लिहिलं, पण उत्तर आलं नाही. कामं सगळ्यांनाच असतात, पण ‘सध्या जमणार नाही’ एवढं लिहायला किती वेळ लागतो?

तुम्ही मात्र पहिल्याच फोनवर विचारलंत, “हे बोलतंय कोण?”

मी सांगितलं, जॉर्डनमधलं एक गाव आहे, जैतुनाच्या बागेच्या वाटणीवरून दोन पुतण्यांमध्ये भांडण पेटलंय आणि त्यांचा म्हातारा चुलता हे बोलतो. संपादकांनी तिथे ‘मला त्याचं सोयरसुतक नाही’ असं केलंय. ऐकायला मराठी वाटतंय, पण कुठेतरी खटकतंय. तुम्ही क्षणभर थांबलात आणि म्हणालात, “सख्खा चुलता ना? मग त्याला सुतक आहेच की.”

तिथेच सगळं उलगडलं. सोयर जन्माचं, सुतक मृत्यूचं, आणि दोन्ही लागतात ती नात्यानं. ‘सोयरसुतक नाही’ म्हणणारा माणूस नातंच नाकारत असतो. त्या म्हाताऱ्याला नातं नाकारायचंच नाही. तो म्हणतो, माणसं माझीच आहेत, पण या भांडणात माझं काही गुंतलेलं नाही. म्हण मराठी झाली आणि माणूस बदलला. म्हणीला म्हण शोधताना दोन्हींचा ढोबळ अर्थ जुळला की आपण खूश होतो. कोणतं नातं मान्य करून ती बोलली जाते, हे तपासायचं राहून जातं.

मग आठवड्याभरात पोस्टानं तुमचं पाकीट आलं. मैदानी नावाचे निशापूरचे विद्वान 1124 साली वारले. त्यांनी अरबी म्हणींचा जो मोठा संग्रह केला, त्यातला या म्हणीचा मजकूर तुम्ही हातानं उतरवून पाठवला होता. प्रत्येक अक्षरावर जबर, जेर, पेश ही स्वरांची चिन्हं. छापील अरबीत ही चिन्हं सहसा नसतात, आणि जुनं गद्य त्यांच्याशिवाय वाचताना माझी किती दमछाक होते हे मी तुम्हाला कधीच सांगितलं नव्हतं. ‘जमल’ची अक्षरं ‘जुमल’ अशी वाचली तर उंटाऐवजी ‘वाक्यं’ असा अर्थ होतो, हे तुम्ही कडेला बारीक अक्षरात लिहिलं होतंत. आणि प्रत्येक ओळीखाली दोन बोटं जागा कोरी सोडली होती. ती कशासाठी, हे मला पान हातात धरल्यावर कळलं : खाली मराठी लिहायला. सर, मला त्या कोऱ्या जागेबद्दल आभार मानायचे आहेत. शिकवणारे पुष्कळ भेटले. आपल्या लिहिण्यातच समोरच्याची जागा राखून ठेवणारा माणूस मला या कामात दुसरा भेटला नाही.

त्या पानावर बसूसच्या लढाईची हकीकत होती. ती इथे थोडक्यात सांगते, कारण पुढचा निर्णय तिच्यावरच उभा आहे. इस्लामपूर्व अरबस्तानात बक्र आणि तग़लिब या दोन भाऊबंद टोळ्या. बसूस नावाच्या बाईच्या आश्रयातली एक उंटीण तग़लिबच्या कुलैबच्या राखीव कुरणात शिरली आणि त्यानं तिला बाण मारला. बसूसचा भाचा जस्सास बक्रचा. त्यानं कुलैबला ठार केलं, आणि कुलैबची बायको तर जस्सासचीच बहीण. तिथून जे युद्ध पेटलं ते परंपरेप्रमाणे चाळीस वर्षं चाललं. बक्रमधलाच एक सरदार, हारिस बिन उबाद, बाजूला राहिला. त्याच्या तोंडचं वाक्य हेच : यात माझी ना उंटीण, ना उंट. युद्ध खरोखरच एका उंटिणीवरून पेटलेलं होतं, त्यामुळे हे वाक्य पहिल्यांदा बोललं गेलं तेव्हा त्यातली उंटीण अलंकार म्हणून आलेली नव्हती.

पुढे कुलैबच्या भावानं, मुहलहिलनं, हारिसच्या मुलाला, बुजैरला मारलं. काही जण बुजैरला पुतण्या म्हणतात. वर मुहलहिल म्हणाला, हा कुलैबच्या चपलेच्या बंदाच्या बदल्यात. ते ऐकल्यावर हारिसनं आपली घोडी मागवली : नआमाला माझ्याजवळ आणून बांधा. आणि तो युद्धात उतरला.

हे वाचलं आणि मी धावत कथेच्या शेवटच्या पानाकडे गेले. तिथे म्हाताऱ्याचा धाकटा मुलगा त्या भांडणात फावड्यानं जखमी होतो, आणि आयुष्यात कधी घोडं न पाळलेला म्हातारा अंगणात उभा राहून म्हणतो, नआमाला जवळ आणा. ‘नआमा’चा कोशातला अर्थ शहामृग. संपादकांच्या प्रतीत तिथे ‘शहामृगाला जवळ आणा’ असं झालं होतं, आणि म्हातारा दुःखानं भ्रमला असावा असं प्रश्नचिन्ह समासात होतं. लेखकानं पहिल्या पानावर उंटीण ठेवली ती या घोडीसाठी. पहिल्या पानावर ‘सोयरसुतक’ घातलं की शेवटचं वाक्य निराधार होतं. तुमची कसोटीही तीच होती : म्हणीतल्या चित्राला कथेत पुढे कुणी हात लावतंय का, ते पाहा. लावत असेल तर ते चित्र काढायचा अधिकार आपल्याला नाही.

खुलासा कुठे आणि किती, हा पुढचा प्रश्न. पहिल्याच पानावर तळटीप देऊन बसूसची गोष्ट सांगितली तर शेवट आधीच फुटतो. काहीच सांगितलं नाही तर मराठी वाचक रिकाम्या हातानं शेवटापर्यंत पोचतो. कथेतल्या म्हाताऱ्याचं बोलणं ऐकणाऱ्या अरबांना हारिस शाळेपासून माहीत असतो. आपल्या वाचकाला तो निदान नावानं तरी माहीत व्हायला हवा. म्हणून वाक्य असं झालं : “हारिस म्हणाला होता ना बसूसच्या लढाईत, तसं आहे बाबांनो. यात माझी ना उंटीण, ना उंट.” आणि शेवटी : “माझी नआमा घोडी आणून बांधा इथे, जवळ.” एकाच शब्दानं, ‘घोडी’नं, शहामृग पळालं. हारिसची हकीकत चार वाक्यांत कथा संपल्यानंतर दिली आहे, तीही त्याच पानावर, पुस्तकाच्या शेवटी नाही.

मध्ये मी ‘सांडणी’चाही आग्रह धरला होता. सांडणीस्वारामुळे तो शब्द मराठी कानाला ओळखीचा आहे. तुम्ही म्हणालात, सांडणी धावते, निरोप घेऊन जाते. म्हणीतली ‘नाका’, म्हणजे उंटीण, ही दूध देणारी, पिल्लं देणारी, घराची मालमत्ता. इथे मालमत्तेची गोष्ट चालली आहे. मग साधी ‘उंटीण’च राहिली.

मी तेव्हापासून उंटाची इतकी कड घेऊ लागले, की त्याच संग्रहातल्या दुसऱ्या कथेतही तो ठेवायला निघाले होते. तिथे कुवेतमधला एक टॅक्सीवाला इमारतीच्या लिफ्टवरून चाललेल्या वादाबद्दल हीच म्हण वापरतो. तुम्ही स्वतः तिथे नोकरी केलेली. “त्या माणसाच्या डोळ्यांसमोर उंट नसतो हो,” तुम्ही म्हणालात, “त्याला लिफ्ट दिसतेय.” तिथे ‘मला काय त्याचं घेणंदेणं’ एवढंच ठेवलं. एकाच पुस्तकात एकच म्हण दोन तऱ्हांनी आली आहे. कुणी विसंगती म्हणून बोट ठेवलं तर मी तुमचं हे वाक्य सांगणार आहे.

तुमच्याकडून आणखी एक वाट मिळाली, ती मी आता स्वतःच्या जबाबदारीवर वापरली आहे. सहाव्या कथेत मावशी भाच्याला रागावते : ‘मा हाकज़ा या सअद तूरदुल इबिल.’ म्हणजे, सअद, उंटांना पाण्यावर असं नेत नाहीत. या म्हणीमागच्या गोष्टीतला मालिक हा उंटांच्या राखणीत वाकबगार. त्याच्या लग्नाच्या वेळी भाऊ सअद उंटांना पाण्यावर घेऊन गेला, तोही अंगावरचं वस्त्र गुंडाळून, आरामात. त्यावर मालिकनं त्याला सुनावलेले हे शब्द. संपादकांनी तिथे ‘उंटावरून शेळ्या हाकणे’ घातलं होतं, बहुधा दोन्हीकडे उंट आहे म्हणून. पण आपल्या म्हणीत माणूस उंटावर बसलेला असतो आणि काम शेळ्यांचं असतं, आणि ती बहुतेक वेळा माणसाच्या पाठीमागे बोलली जाते. मावशी तर भाच्याच्या तोंडावर बोलते आहे. मी तिथे लिहिलं : “अरे सअदा, उंटांना असं नेतात का पाण्यावर?” समानार्थी म्हण नाही, टीप नाही. गुरं पाण्यावर नेताना मागे राहून चालत नाही, हे आपल्या वाचकाला कुणी सांगावं लागत नाही. भाच्याचं नाव सअद नाही, एवढी एकच अडचण उरते, आणि मावशीच्या आधीच्या वाक्यात मी ‘म्हणतात ना’ घालून ती सोडवली आहे.

हे तुम्हाला पटतं का, ते मात्र मला हवं आहे. मुद्रितं पुढच्या आठवड्यात पाठवते. सहाव्या कथेचं पान वर ठेवीन. ‘सअदा’ असं संबोधन कानाला जड वाटत असेल तर तसं लिहा, अजून बदलता येईल.

आपली,
एक अनुवादक