मोक्ष म्हणजे हिंदूंचा स्वर्ग नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला 'सगळ्या धर्मांचं शेवटचं स्टेशन एकच' हा लेख वाचला. हेतू चांगला आहे, पण त्यात मुसलमानांची जन्नत, ख्रिश्चनांचं हेवन आणि आपला मोक्ष असं सरळ एका ओळीत बसवलंय ते काही पटलं नाही. कारण आपल्याकडे स्वर्ग वेगळा आहेच की! इंद्र, अप्सरा, अमृत, नंदनवन सगळं आहे. आणि तरी आपल्याच जुन्या लोकांनी त्याला खालचा नंबर दिलाय, हे लेखात कुठेच आलं नाही.

महाभारतात वनपर्वात मुद्गल ऋषींची गोष्ट आहे, ती फार कमी लोकांना माहीत असते. कुरुक्षेत्रात राहायचे, कापणी झाल्यावर शेतात सांडलेले दाणे वेचून पोट भरायचे, पंधरा दिवसांत जेमतेम एक द्रोणभर भात जमायचा आणि त्यातूनच अमावस्या-पौर्णिमेला यज्ञ, पाहुणा आणि मग उरलं तर घरच्यांना. तर दुर्वास लागोपाठ सहा वेळा नेमके त्याच दिवशी येऊन सगळं खाऊन गेले, आणि उरलेलं उष्टं अंगाला फासलं ते वेगळंच. मुद्गल एकदाही चिडले नाहीत. झालं, देवदूत विमान घेऊन हजर, चला म्हणाला, सदेह स्वर्गात.

आता कोणीही असता तर बसलाच असता ना. मुद्गलांनी मात्र आधी विचारलं, तिथे चांगलं काय आणि वाईट काय ते सांग. देवदूतही प्रामाणिक, त्याने सगळं सांगितलं. भूक, तहान, म्हातारपण, घाम काही नाही. पण तिथे फक्त भोगायचं, नवीन कर्म करता येत नाही, म्हणजे कमाई बंद आणि नुसती जमा रक्कम खात बसायचं. आपल्यापेक्षा वरच्यांचा थाट बघून खालचे जळतात. आणि पुण्य संपत आलं की गळ्यातली माळ कोमेजते, मग त्याला कळतं की आता पडायची वेळ आली. मुद्गल म्हणाले, नमस्कार, विमान परत घेऊन जा. आणि जिथून परत यावं लागत नाही असं ठिकाण विचारून घेऊन ध्यानाला बसले.

गीतेच्या नवव्या अध्यायात 'क्षीणे पुण्ये मर्त्यलोकं विशन्ति' म्हटलंय ते हेच. यामागचं लॉजिक साधं आहे, कर्म मोजकं असेल तर त्याचं फळ अमर्याद कसं असेल? म्हणून शंकराचार्य म्हणतात मोक्ष कर्माने तयार होत नाही, जे तयार होतं ते कधीतरी नष्टही होतं, अज्ञान गेलं की जे मुळात आहे तेच कळतं. म्हणजे हे बक्षीस नाहीच.

पण उलट बाजूनेही अन्याय नको. आपले काही लोक लगेच म्हणतात बघा त्यांचा स्वर्ग म्हणजे नुसती लालूच, ते साफ चुकीचं आहे. तिथे मुळात जन्म एकच. कुराणात मरणाऱ्या माणसाची विनवणी आहे की देवा मला परत पाठव, आता तरी चांगलं वागतो, आणि उत्तर मिळतं, नाही. म्हणजे आपल्याकडे परत यावं लागणं हीच कटकट आणि तिकडे परत यायला न मिळणं हा धाक! परतीची वाटच नाही म्हटल्यावर तिथला स्वर्ग कायमचा असणारच, तो इंद्राच्या स्वर्गासारखा संपत नाही. आणि ख्रिश्चनांत तर तो कमावता येतो असंही धड म्हणत नाहीत, बायबलमधल्या पॉलच्या पत्रात स्पष्ट आहे की तारण कृपेने होतं, कर्माने नाही, म्हणजे कोणी बढाई मारू नये. मुसलमानांतही बागा-नद्यांपेक्षा अल्लाचं दर्शन मोठं मानणारे खूप आहेत.

मग त्यांच्या स्वर्गाच्या जवळ जाणारं आपल्याकडे काय? माझ्या मते मध्वाचार्यांचा मोक्ष. त्यात जीव देवात विरघळत नाही, वेगळा राहून वैकुंठात आनंद भोगतो, तोही ज्याच्या त्याच्या योग्यतेप्रमाणे कमीजास्त, आणि परत येत नाही. हा कुणा ख्रिस्ती माणसाला सांगितला तर त्याला फार परका वाटणार नाही, शंकराचार्यांच्या अद्वैताचा सांगितला तर वाटेल. म्हणजे 'हिंदूंचा मोक्ष' असा एकच एक मोक्षही नाही, लेखात तर तो एका वाक्यात उरकलाय.

आणि आपल्या तुकोबांचं काय करायचं? ते तर देवाकडे मुक्ती, धनसंपदा काहीच नको म्हणतात, तुझा विसर पडू देऊ नको, संतसंग दे, मग खुशाल पुन्हा गर्भवासात घाल. स्वर्ग नको, मोक्षही नको, जन्म चालेल म्हणणाऱ्या या माणसाला कुठल्या स्टेशनवर उतरवायचं ते लेखकांनीच पुढच्या रविवारी सांगावं.

आपला,
एक नियमित वाचक, सातारा