गाळा नं. 3 चं शटर : अध्यक्षांना चौथं पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष साहेब,

सप्रेम नमस्कार. हे चौथं पत्र. पहिल्याला सेक्रेटरी "बघतो" म्हणाले, दुसऱ्याला "मिटिंगमध्ये घेऊ", तिसऱ्याची तर पोच पण नाही मिळाली. मी भांडखोर माणूस नाही हे सगळ्या बिल्डिंगला माहितीय, पण रोज पहाटे पावणेसहाला माझ्या पलंगाखाली धडाम् होतं आणि देव्हाऱ्यातली घंटा आपोआप वाजते, आता सांगा.

गाळेवाले म्हणतात शटर म्हटल्यावर आवाज येणारच. नाही साहेब. मी 22 वर्षं फॅब्रिकेशनमध्ये काढलीत, नीट बसवलेलं शटर एका हाताने वर जातं आणि खालचं दार कोणी उघडलं ते वरच्याला कळत पण नाही. हा आवाज शटरचा नाहीच, ते ज्यात सरकतं त्या डाव्या चॅनेलचा आहे.

गाळ्याच्या उजव्या बाजूला आरसीसीचा कॉलम आहे आणि डाव्या बाजूला चिऱ्याची भिंत. मिस्त्रीने दोन्हीकडे सारखेच अँकर फास्टनर ठोकले. कॉलममध्ये ते पकडतात पण चिरा भुसभुशीत, त्यात कडेच्या एवढ्या जवळ भोक पाडून फास्टनर आवळला की तो आत फुगतो आणि चिरा आतल्या आत कुटला जातो. पहिले आठ दिवस घट्ट वाटतं, मग शटरच्या हादऱ्याने ढिला. उंबऱ्यावर रोज सकाळी तांबडा चुरा पडलेला असतो तो याचाच, झाडूवाली मावशी पण सांगेल. डावीकडचे खालचे दोन नट मी बोटाने फिरवून बघितले, फिरले. (गाळेवाल्यांनी हात का लावलात म्हणून आरडाओरडा केला, ते सोडा.)

मग टेप धरला. दोन चॅनेलच्या मधलं अंतर, म्हणजे या पाठीपासून त्या पाठीपर्यंत, वर बरोबर 8 फूट आणि तळाला त्यापेक्षा पाऊण इंच कमी. पट्ट्या चॅनेलमध्ये मोकळ्या सरकाव्यात म्हणून जी थोडी जागा सोडलेली असते ती खाली संपली, आणि शटर पहिला हातभर उचलताना रुततं. आता यावर इलाज काय केला? चॅनेल सरळ न करता मिस्त्रीला बोलावून स्प्रिंगला दोन-अडीच फेरे जास्त पीळ दिला! मी बाल्कनीतून मोजत होतो. म्हणजे खाली रुतलेलं शटर स्प्रिंगच्या जोरावर सुटतं, आणि एकदा सुटलं की वर मोकळंच असतं त्यामुळे बंदुकीसारखं उडतं आणि खालची पट्टी जाऊन लिंटेलवर आपटते. रात्री बंद करताना ते खाली यायला तयार नसतं म्हणून पोरगा लोंबकळतो आणि शेवटी लाथ मारतो, त्या लाथेने डावं चॅनेल अजून हलतं.

स्प्रिंग असते ती शटरचं वजन तोलायला, वाकडं चॅनेल भागवायला नाही. तपासायची रीत सोपी आहे, शटर अर्ध्यावर आणून हात सोडायचा. तिथेच राहिलं तर बरोबर, खाली घसरलं तर पीळ कमी, वर पळालं तर जास्त. पण चॅनेल रुतत असताना ही टेस्ट खोटी ठरते म्हणून आधी चॅनेल, मग स्प्रिंग.

काम असं करून घ्यावं. डावं चॅनेल काढून फास्टनरच्या जागी चिरा कोरून काँक्रीट भरायचं, त्यातच होल्डफास्ट गाडायचे, आठवडाभर पाणी मारायचं. मग ओळंबा सोडून चॅनेल उभं करायचं, वर मध्ये खाली तीन ठिकाणी माप सारखं आलं की पक्कं करायचं. त्यानंतर शटर पूर्ण वर गुंडाळून दोरीने बांधायचं आणि ब्रॅकेटवरचा क्लँप ढिला करून स्प्रिंगचा पाईप अर्धा-अर्धा फेरा मागे सोडायचा, दर वेळी क्लँप आवळून, दोरी सोडून अर्ध्यावरची टेस्ट. याला दोन माणसं आणि दोन पाईप पाने लागतात, एकाने पकडून ठेवायचं तेव्हाच दुसऱ्याने पान्याची पकड बदलायची. मागच्या वेळी मिस्त्री स्टुलावर एकटा होता. पाना निसटला असता तर मनगट गेलं असतं आणि तेव्हा तुम्ही जबाबदारी कोणाची विचारली असती.

उपविधीत स्पष्ट आहे की सभासदाने दुसऱ्याला उपद्रव होईल असं काही करू नये. (माझ्या बाल्कनीच्या ग्रिलचा विषय वेगळा, तो यात आणू नये.) 202 च्या काकू, 104 चे दादा आणि पूर्ण बी विंग माझ्याशी सहमत आहे, फक्त गाळेवाल्यांकडे उधारी असल्याने सह्या करत नाहीत.

गणपतीत पाहुणे मुंबईहून रात्रीच्या गाडीने येऊन पहाटे झोपतात, त्याच्या आत काम व्हावं. तोवर दुकान सातला उघडावं. आणि मिस्त्री येईल त्या दिवशी मला खाली बोलवा, ओळंबा माझा मी आणतो, त्यांच्याकडे आहे असं मला वाटत नाही.

आपला,
फ्लॅट नं. 103, ए विंग