17 गुण आणि दोन पानांचं पत्र

आदरणीय बाई,
सा. न.

गेल्या रविवारी राजारामपुरीतल्या तुमच्या घरी बीजगणिताचा सराव पेपर दिला. पेपरासोबत तुम्ही दोन पानांचं पत्र जोडलं होतं, त्याचे आभार समोर बसून मानायला मला जमलं नसतं. म्हणून लिहितोय. सगळ्यांना वाचता यावं असंच लिहितोय, कारण 17 नंबरचा फॉर्म भरून चाळिशीत दहावीला बसणारा मी काही एकटा नाही.

40 पैकी 17 बघून मी मनातल्या मनात पास झालो होतो. 14 ला 35 टक्के होतात, एवढं गणित मला येतं! पण तुमची पहिलीच ओळ होती, "या 17 वर विसंबू नका." त्यातले 11 गुण पर्याय निवडायच्या, एका गुणाच्या आणि कृतीतल्या रिकाम्या चौकटी भरायच्या प्रश्नांचे होते, म्हणजे वाट आधीच आखून दिलेली. कोऱ्या कागदावर स्वतः सोडवायचे 25 गुण, त्यात मला 6. वाचून राग आला, खरं सांगतो. चहा झाल्यावर परत वाचलं.

मग तुम्ही गेलेल्या 23 गुणांचा हिशेब मांडला होता. 11 गुणांचं मी काही लिहिलंच नव्हतं, कारण वेळ संपली. 7 गुण एकाच खोडीपायी गेले. आणि खरोखर न येणारे फक्त 5, तेही बहुतेक सांख्यिकीतल्या मध्यकाचे. ते सध्या बाजूला ठेवा म्हणालात. मला तर वाटत होतं, 23 च्या 23 डोक्यात शिरत नाहीत म्हणून गेले.

ती खोड वजा चिन्हाची. x² − 15x + 54 = 0 चे अवयव मी बरोबर पाडले होते, (x − 9)(x − 6) = 0, आणि खाली उत्तर लिहिलं x = −9 किंवा x = −6. कंसातलं चिन्ह जसंच्या तसं उचललं. अवयवांचा एक गुण देऊन तुम्ही शेजारी लिहिलंत, "x मधून 9 काढले तर काहीच उरत नाही. मग x किती?"

दुसऱ्या दिवशी शिरोलीला फाउंड्रीत काट्यावर उभा होतो. भंगाराची गाडी भरून येते तेव्हा एकदा वजन, रिकामी झाली की पुन्हा एकदा, आणि दोन्हीतला फरक म्हणजे माल. फरक शून्य आला तर काट्यावर जेवढं वजन दिसतं तेवढी गाडीच. x − 9 = 0, म्हणजे x = 9. वीस वर्षं हेच करतोय की मी! संध्याकाळी फोनवर सांगितलं तर तुम्ही हसलात, आणि लगेच बजावलंत की x + 4 = 0 आलं तर हा काटा चालणार नाही, उणे वजनाची गाडी नसते, तिथं संख्यारेषाच काढायची.

पत्रातली पुढची गोष्ट मला जास्त आवडली. −9 समीकरणात ठेवून बघा, 81 + 135 + 54, होतात 270. शून्य कुठाय? त्याच्याही आधी, x ऋण असेल तर या समीकरणातली तिन्ही पदं धन होतात, मग बेरीज शून्य येईलच कशी? श्रेढीचंही तसंच. 27, 24, 21 अशी उतरती रांग, आणि माझं अकरावं पद 57! 27 + 10 × (−3) करायचं तिथं मी 3 मिळवत गेलो होतो. खरं उत्तर −3. उतरणीवरची गाडी वर कशी चढली, एवढं विचारलं असतं तरी चूक तिथंच सापडली असती.

वेळेचं तर तुम्ही घड्याळ लावूनच पकडलंत. पहिले दोन प्रश्न 20 गुणांचे. दोन तासांत 40 गुण, म्हणजे गुणाला तीन मिनिटं, त्यांना तासभर पुरायला हवा. मला 1 तास 20 मिनिटं लागली, कारण मी प्रत्येक गणित आधी कच्चं करत होतो आणि मग सुवाच्य अक्षरात पक्कं. पायरीला गुण असतात, अक्षराला नाहीत, असं तुम्ही खाली दोन रेघा मारून लिहिलंत. (आमच्या शाळेत अक्षरासाठी छड्या बसायच्या, ती भीती अजून बोटांत आहे.) चौथा आणि पाचवा प्रश्न कोरे राहिले ते त्यामुळं.

या आठवड्यात वर्गसमीकरणाची आठ गणितं सरळ पक्क्या वहीत केली, प्रत्येकाखाली पेन्सिलीनं पडताळा. सात जुळली. आठव्यात पडताळ्याला 12 उरले, तेव्हा कळलं की मधल्या पदाचं चिन्हच चुकीचं उतरवलं होतं. ते मी खोडलेलं नाही, तुम्हाला बघता यावं म्हणून तसंच ठेवलंय.

रविवारी दहाला येतो. पेन दोन आणतो, खोडरबर घरी ठेवतो.

तुमचा विद्यार्थी,
काट्यावरचा